बारा भाषा आणि एक ‘जागतिक नियम’: परीक्षण अहवालाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्याला आमचा भाषाविज्ञानाचा छोटा अभ्यासगट महिन्यातून दोनदा जमतो. बहुतेक जण एम. ए. किंवा पीएच. डी. करणारे, दोघं-तिघं निवृत्त शिक्षक. यंदा आम्ही शोधनिबंधाचं परीक्षण कसं करायचं, म्हणजे पीअर रिव्ह्यूचा अहवाल कसा लिहायचा, याचा सराव केला. परीक्षणासाठी माझ्याकडे येणारे निबंध गोपनीय असतात, त्यामुळे त्यातला एकही गटात वाचता आला नसता. म्हणून सरावाचा निबंध मीच रचला. त्यातला लेखक काल्पनिक आहे, भाषांबद्दलच्या गोष्टी खऱ्या आहेत आणि चुका मी वर्षानुवर्षं पाहत आलेय त्याच आहेत. सरावात जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

निबंधाचा दावा नेमका काय आहे?

आपण म्हणतो, ‘मला भूक लागली’. ‘मी भुकेलो’ असं रोजच्या बोलण्यात कुणी म्हणत नाही. थंडी, राग, ताप, आवड या सगळ्यांत माणूस ‘मी’ म्हणून येत नाही, ‘मला’ म्हणून येतो. हिंदीत ‘मुझे’, गुजरातीत ‘मने’, तमिळमध्ये ‘एनक्कु’, कन्नडमध्ये ‘ननगे’. भाषाविज्ञानात अशा माणसाला अनुभवक म्हणतात. तो इथे काही करत नाही, त्याला काहीतरी होतं.

आमच्या निबंधाच्या लेखकाने बारा भाषा तपासल्या आणि असा नियम मांडला: ज्या भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्या भाषेत अनुभवक चतुर्थीत, म्हणजे ‘ला’सारखा प्रत्यय घेऊन येतो. बारापैकी बारा भाषांत हे दिसलं, म्हणून हा जगातल्या सर्व भाषांना लागू होणारा नवा सार्वत्रिक नियम आहे, असा त्याचा निष्कर्ष.

निरीक्षण चांगलं आहे, हे अहवालात पहिल्यांदा लिहायचं. मन राखायला नाही, तर लेखकाचं म्हणणं आपल्याला समजलं आहे हे संपादकाला आणि लेखकाला कळावं म्हणून. निबंधाचा सारांश आपल्या शब्दांत चार ओळींत लिहिता येत नसेल, तर पुढची टीका लिहूच नये.

परीक्षकाने सगळ्यात आधी काय उघडावं?

भाषांची यादी. सिद्धान्त, आलेख, निष्कर्ष सगळं नंतर. या निबंधाची यादी अशी: मराठी, कोंकणी, गुजराती, हिंदी, सिंधी, पंजाबी, बंगाली, तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम, तुळू.

आता या भाषांच्या घरच्यांची चौकशी करा. पहिल्या सात भारतीय-आर्य, उरलेल्या पाच द्राविड. म्हणजे नावं बारा, कुळं दोनच. जगात आज सुमारे सात हजार भाषा बोलल्या जातात आणि त्यांची कुळं, एकट्या पडलेल्या भाषा धरून, चारशेच्या घरात जातात. त्यातली दोन कुळं पाहून आपण चारशेंबद्दल बोलतो आहोत.

एकाच कुळातल्या भाषा एकमेकींसारख्या असतात, कारण त्यांना तो वारसा एकाच पूर्वजाकडून मिळालेला असतो. सख्ख्या सात भावंडांची नाकं सारखी आहेत, एवढ्यावरून माणसाचं नाक असंच असतं म्हणता येत नाही. 1888 साली मानवशास्त्रज्ञ टायलर यांनी अनेक समाजांतल्या विवाहाच्या चालीरीतींची तुलना वाचून दाखवली, तेव्हा फ्रान्सिस गॉल्टन यांनी नेमका हाच प्रश्न विचारला: यातली किती उदाहरणं खरोखर एकमेकांपासून स्वतंत्र आहेत? तेव्हापासून या अडचणीला गॉल्टनचं नाव आहे.

आणि इथे प्रकरण कुळावर थांबत नाही. ही दोन कुळं हजारो वर्षं एकमेकांच्या शेजारी नांदली आहेत. भारत हे एक ‘भाषिक क्षेत्र’ आहे, म्हणजे इथे कुळ वेगळं असलं तरी शेजारामुळे भाषा एकमेकींसारख्या होत गेल्या, हे भाषाशास्त्रज्ञ एमिनो यांनी 1956 मध्येच मांडलं. 1976 मध्ये भाषाशास्त्रज्ञ मासिका यांनी या क्षेत्राच्या खुणा आशियाभर तपासल्या. त्या मोजक्या खुणांत क्रियापद शेवटी येणं आहे आणि चतुर्थीतला अनुभवकही आहे. लेखकाला ज्या दोन गोष्टींचा कार्यकारणसंबंध वाटला, त्या दोन्ही एकाच क्षेत्राच्या खुणा म्हणून फार आधीपासून नोंदलेल्या आहेत.

शेजार काय करू शकतो हे पाहायला आपल्याला महाराष्ट्राबाहेर जावं लागत नाही. सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारी माणसं पिढ्यान् पिढ्या एकत्र राहिली. गम्पर्झ आणि विल्सन यांनी 1971 मध्ये तिथल्या बोलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. शब्द ज्याच्या त्याच्या भाषेचे राहिले, पण वाक्याची घडण इतकी जवळ आली होती की एका बोलीतल्या वाक्यात शब्दाच्या जागी शब्द ठेवला की दुसऱ्या बोलीतलं वाक्य तयार. कुपवाडच्या या तीन बोली तीन स्वतंत्र साक्षीदार म्हणून मोजल्या, तर तेच चुकेल.

बारापैकी बारा म्हणजे शंभर टक्के. मग शंका कशाला?

गटात हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला, म्हणून जरा सावकाश पाहू.

समजा, बारा भाषा पूर्णपणे स्वतंत्र आहेत आणि एकही अपवाद सापडला नाही. तरी जगात अपवाद किती असू शकतात? याचं उत्तर छोट्या सूत्राने मिळतं. n म्हणजे स्वतंत्र भाषांची संख्या.

```
1 - 0.05^(1/n)
```

n = 12 घातलं की उत्तर येतं 0.22. याचा अर्थ, जगातल्या 22 टक्के भाषा हा नियम मोडत असल्या, तरी बारा भाषांच्या नमुन्यात एकही अपवाद न दिसण्याची शक्यता वीसात एक उरते. ‘सार्वत्रिक’ शब्दासाठी हे आधीच कमी आहे.

आता n च्या जागी भाषा न मोजता कुळं मोजा. n = 2. उत्तर 0.78. जगातल्या चारातल्या तीन भाषा नियम मोडत असल्या, तरी आपल्याला असाच ‘शंभर टक्के’ निकाल मिळू शकला असता. क्षेत्र एकच आहे हे लक्षात घेतलं, तर n = 2 म्हणणंही उदारपणाच आहे. हे दोन आकडे, 22 आणि 78, अहवालात शेजारी शेजारी लिहा. लेखकाला अडचण कुठे आहे ते दोन पानांच्या उपदेशापेक्षा यातून लवकर कळेल. सूत्र मात्र यादृच्छिक निवडीसाठी आहे आणि इथली निवड सोयीची होती, हेही एका ओळीत नमूद करा. म्हणजे खरी परिस्थिती याहून बरी नाही.

क्रियापद शेवटी असणं हेच कारण आहे, हे कशावरून?

कशावरूनही नाही, आणि माझ्या मते निबंधातली सगळ्यात मोठी चूक इथे आहे. भाषा कमी असण्यापेक्षाही मोठी.

‘क्रियापद शेवटी असेल तर अनुभवक चतुर्थीत’ हे तपासायचं, तर क्रियापद शेवटी नसलेल्या भाषाही लागतात. औषध घेतलेले बारा रुग्ण बरे झाले, पण औषध न घेतलेला एकही पाहिला नाही, अशी ही गत आहे. या यादीतल्या बाराही भाषांत क्रियापद शेवटी येतं. तुलनेला दुसरी बाजूच नाही.

गटात मी एक उदाहरण फळ्यावर लिहिलं होतं: ‘ज्या भाषेत ट, ठ, ड असे मूर्धन्य वर्ण आहेत, त्या भाषेत अनुभवक चतुर्थीत येतो.’ हाही नियम याच बारा भाषांत बारापैकी बारा वेळा खरा ठरतो. जीभ टाळूला वळवून लावण्याचा भूक लागण्याशी संबंध आहे असं कुणी म्हणणार नाही, पण लेखकाची माहिती या दोन नियमांत फरक करू शकत नाही. परीक्षकाने असा एक समांतर, उघडपणे निरर्थक नियम लेखकाच्याच माहितीतून काढून दाखवावा. टीका मग मताची राहत नाही.

पुढची पायरी म्हणजे दोन्ही गोष्टी जिथे वेगळ्या होतात अशा भाषा शोधणं. काश्मिरी पाहा. भारतीय-आर्य गटात ठेवली जाणारी ही भाषा, पण साध्या विधानात तिचं क्रियापद दुसऱ्या जागी येतं. आणि तरीही तिच्यात चतुर्थीतला अनुभवक आहे. शब्दक्रम बदलला, ‘मला’ तसंच राहिलं. रशियनमध्ये सर्वसाधारण क्रम कर्ता, क्रियापद, कर्म असा आहे, पण थंडी वाजते तेव्हा ‘म्न्ये खोलद्ना’ म्हणतात, आणि ‘म्न्ये’ म्हणजे ‘मला’. जर्मनमध्येही ‘मला थंड आहे’ अशीच रचना. चतुर्थीतला अनुभवक क्रियापद शेवटी नसतानाही सुखाने नांदतो. लेखकाचा नियम एकाच दिशेने आहे, त्यामुळे एवढ्याने तो मोडत नाही, पण कारण शब्दक्रमात आहे हे म्हणणं बरंच ढिलं होतं.

नियम मोडणारी भाषा आहे का?

आहे, आणि शोधायला फार लांब जावं लागत नाही. तुर्कीत क्रियापद शेवटी येतं. ‘मला भूक लागली’ याला तुर्कीत एकच शब्द आहे, ‘अजिक्तिम’. ‘मला थंडी वाजते’ याला ‘उश्युयोरुम’. दोन्हीच्या शेवटी जो म् ऐकू येतो तो ‘मी’चा. म्हणजे शब्दशः ‘मी भुकेलो’, ‘मी गारठतोय’. चतुर्थीचा पत्ता नाही. जपानीतही क्रियापद शेवटीच, आणि तिथे भूक लागल्यावर ‘ओनाका गा सुइता’ म्हणतात, म्हणजे ‘पोट रिकामं झालं’.

दावा ‘सर्व भाषांत’ असा असेल, तर एक खरा अपवाद पुरतो. पूर्वी अनेकांना वाटायचं की कर्म आधी येणारा शब्दक्रम कोणत्याच भाषेचा मूळ क्रम नसतो. ब्राझीलमधल्या हिश्कार्याना या कॅरिब कुळातल्या भाषेत कर्म, क्रियापद, कर्ता असा क्रम आहे, हे डर्बिशायर यांनी 1977 मध्ये दाखवलं आणि तो समज संपला. कमी भाषांचं बळ इथे आहे. एक भाषा नियम पाडू शकते, उभा करू शकत नाही.

न्यायाने दुसरी बाजूही लिहा. जॉर्जियनमध्ये भूक लागणारा माणूस चतुर्थीतच येतो, आणि तिचा ना आर्य भाषांशी नातेसंबंध, ना द्राविड भाषांशी. म्हणजे लेखकाने पाहिलेली रचना फक्त भारतापुरती नाही. हे त्याला स्वतःला माहीत नसेल, तर आपण सांगायचं.

बंगालीचा मुद्दा अहवालात का घेतला?

कारण बंगाली लेखकाच्या यादीत आहे आणि ती नियम पाळत नाही. बंगालीत ‘आमार खिदे पेयेछे’ म्हणतात. ‘आमार’ म्हणजे ‘माझी’, षष्ठी. लेखकाला हे दिसलं होतं. निबंधाच्या पहिल्या भागात नियम ‘चतुर्थी’ असा आहे, तक्त्याखालच्या बारीक टिपेत मात्र ‘प्रथमा सोडून कोणतीही विभक्ती’ असा झाला आहे. बाराचा आकडा या बदलामुळे टिकला.

मी ही चूक मुद्दाम टिपेत लपवली होती. गटातल्या अकरांपैकी दोघांना सापडली. व्याख्या निकाल पाहून बदलली की नाही, हे तपासायला एकच उपाय आहे: पहिल्या पानावरची व्याख्या कागदावर उतरवून घ्यायची आणि तक्त्यातली प्रत्येक ओळ तिच्याशी ताडून पाहायची. कंटाळवाणं काम आहे. परीक्षणाचा अर्धा वेळ मी त्यात घालवते.

व्याख्येचा प्रश्न मराठीतही आहेच. ‘मला भूक लागली’, पण ‘मी दमलो’, ‘मी घाबरलो’. आणि ‘माझं डोकं दुखतंय’. चार अनुभव, तीन विभक्त्या. लेखकाने भूक, थंडी आणि आवड हे तीनच अनुभव विचारले होते. दमणं आणि घाबरणं विचारलं असतं, तर मराठीच नियमाबाहेर गेली असती. कोणते अनुभव मोजायचे ती यादी आधी ठरलेली हवी, आणि प्रत्येक भाषेला तीच हवी.

पण भाषाशास्त्रज्ञ ग्रीनबर्ग यांनीही सार्वत्रिक नियम मांडताना तीसच भाषा घेतल्या होत्या ना?

हो, आणि हा प्रश्न विचारणाऱ्याने वाचन केलेलं असतं. 1963 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात 30 भाषांवरून 45 सार्वत्रिक नियम मांडले आहेत. त्या तीसांत हिंदी आणि कन्नड होत्या, पण त्यांच्याबरोबर बास्क, वेल्श, योरुबा, माओरी, केचुआ, जपानी, तुर्की अशा जगाच्या कानाकोपऱ्यातल्या भाषाही होत्या. बरेचसे नियम ‘योगायोगापेक्षा खूप जास्त वेळा’ अशा मर्यादेसह मांडले होते. आणि नमुना सोयीने जमवला आहे, निष्कर्ष तात्पुरते आहेत, हेही त्यांनी झाकलं नाही.

तरीही तपासणी थांबली नाही. क्रियापद शेवटी असलेल्या भाषांत शब्दयोगी अव्यय नामानंतर येतं (आपलं ‘घरासमोर’, ‘झाडाखाली’), हे नातं ड्रायर यांच्या 1992 च्या 625 भाषांच्या पाहणीतही टिकलं. दुसरा समज मात्र टिकला नाही. क्रियापद कर्मानंतर येत असेल तर विशेषण नामाआधी येतं, असं ग्रीनबर्गनंतरच्या काही अभ्यासकांनी धरलं होतं. ड्रायर यांनी 1988 मध्ये दाखवलं की हा कल युरोप-आशियात दिसतो, बाहेर दिसत नाही. ‘लाल साडी नेसली’ आपल्याला इतकं सहज वाटतं की जगभर असंच असेल असं वाटावं. क्षेत्राचा प्रभाव नियमासारखा कसा दिसतो, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. आमच्या लेखकाचं पाऊल त्याच जागी घसरलं आहे.

सगळी माहिती नवी मुंबईत गोळा केली, त्यात काय बिघडलं?

सोय म्हणून उत्तमच. वाशी, नेरूळ, तुर्भ्याचा बाजार, तासाभराच्या अंतरात बाराही भाषा बोलणारी माणसं भेटतात. पण प्रत्येक भाषेसाठी एकच माणूस, तो इथेच वाढलेला, आणि प्रश्न हिंदीतून: ‘मुझे ठंड लग रही है, हे तुमच्या भाषेत कसं म्हणाल?’

असं विचारलं की ऐकणारा हिंदी वाक्याचा साचा धरून उत्तर देतो. त्याच्या भाषेत दुसरी रचना जास्त सहज असली तरी ती मागे राहते. रोज घराबाहेर हिंदी-मराठी बोलणाऱ्या माणसाची मातृभाषा आधीच या भाषांकडे झुकलेली असू शकते, तो मुद्दा वेगळाच. उपाय अवघड नाही. चित्र दाखवा, किंवा प्रसंग रंगवून सांगा, की पावसात भिजून आलात, पंखा फुल्ल आहे, आईला काय म्हणाल? आणि भाषेमागे निदान तीन-चार माणसं घ्या, त्यातली काही त्या भाषेच्या प्रदेशात राहणारी. प्रसिद्ध व्याकरणांशी ताडून पाहणं तर हवंच.

मग किती भाषा पुरतील?

आकड्याआधी निवड. जवळच्या भाषांच्या प्रत्येक गटातून एकच भाषा, आणि आफ्रिका, युरेशिया, आग्नेय आशिया व ओशियानिया, ऑस्ट्रेलिया-न्यू गिनी, उत्तर अमेरिका, दक्षिण अमेरिका अशा सहाही भूभागांतून भाषा. क्रियापद शेवटी असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही. मग प्रत्येक भूभागात कल एकाच दिशेला आहे का, ते वेगवेगळं पाहायचं. अशा 60 भाषांत एकही अपवाद नसेल, तर वरच्या सूत्राने मर्यादा 5 टक्क्यांवर येते. शब्दक्रमाची माहिती शोधायला त्रास नाही, ‘वर्ल्ड अ‍ॅटलास ऑफ लँग्वेज स्ट्रक्चर्स’मध्ये तेराशेहून जास्त भाषांची आहे. अनुभवकाची माहिती मात्र व्याकरणाच्या पुस्तकांतून एकेक वाक्य शोधत काढावी लागेल. काही महिन्यांचं काम आहे, हे लेखकाला स्पष्ट सांगावं.

शिफारस काय द्यायची, नकार की सुधारणा?

गटात दोन तट पडले. माझं मत ‘मोठ्या सुधारणा’, पण एका अटीवर: शीर्षकातला आणि निष्कर्षातला ‘सार्वत्रिक’ शब्द जायला हवा. लेखक तो सोडायला तयार नसेल तर नकार. संपादकासाठीच्या वेगळ्या रकान्यात मी हे असंच लिहीन. लेखकाला जाणाऱ्या भागात शिफारस लिहायची नसते, कारण निर्णय संपादकाचा असतो. आमच्या सरावातला मुख्य परिच्छेद शेवटी असा ठरला:

“लेखकाने नोंदवलेली रचना खरी आहे आणि बारा भाषांतली उदाहरणं उपयोगी आहेत. मात्र या भाषा दोन कुळांतल्या आणि एकाच भाषिक क्षेत्रातल्या आहेत, आणि त्यांत क्रियापद शेवटी नसलेली एकही नाही. त्यामुळे शब्दक्रम आणि अनुभवकाची विभक्ती यांचा संबंध या माहितीवरून तपासता येत नाही. तुर्की आणि जपानी हे मांडलेल्या नियमाला अपवाद आहेत. पान 1 वरची व्याख्या धरली तर बंगालीही अपवाद ठरते.”

लेखकाबद्दल यात एक शब्दही नाही. ‘लेखकाला प्राथमिक वाचन नाही’ असं एकाने लिहिलं होतं, ते मी काढायला लावलं. मासिका यांचा अभ्यास वाचा, एवढं म्हटलं की काम होतं.

‘सार्वत्रिक’ काढून टाकलं तर निबंधात उरतं काय?

माझ्या मते जास्त चांगला निबंध. पाणिनीने ‘रुच्यर्थानां प्रीयमाणः’ (1.4.33) या सूत्रात सांगितलंय की आवडण्याच्या क्रियापदांबरोबर ज्याला आवडतं तो चतुर्थीच्या संप्रदानात जातो. ‘मह्यं रोचते’, आपलं ‘मला आवडतं’. पण भुकेसाठी संस्कृतात ‘अहं क्षुधितोऽस्मि’ सहज म्हणता येतं, तिथे ‘मी’च आहे. मग आवडीपुरती असलेली ही चतुर्थी भूक, थंडी, तापापर्यंत कधी आणि कशी पसरली? द्राविड शेजाराचा त्यात हात किती? बंगाली षष्ठीकडे का वळली? लेखकाकडच्या बाराही भाषा या प्रश्नांसाठी अगदी योग्य आहेत, त्यांचं शेजारपण इथे अडचण न राहता अभ्यासाचा विषय होतं. आणि नवी मुंबईतली माहितीही वाया जात नाही. वाशीत वाढलेली बंगाली मुलगी ‘आमार’ म्हणते की हिंदीच्या ‘मुझे’सारखं ‘आमाके’ म्हणायला लागली आहे, हे विचारायला तिच्या घरी जाऊन आईचं आणि तिचं बोलणं शेजारी शेजारी टिपावं लागेल.